जेवणाच्या टेबलाला तेल? एकदा कटाची आमटी सांडू दे, मग बोलू

मातीचीओढ (सातारा)
नवीन सागवानी डायनिंग टेबल करून घेतलंय. सुतार व्हार्निशच्या मागे लागलाय, मी ठाम नाही म्हणून सांगितलं. व्हार्निश म्हणजे लाकडावर प्लॅस्टिकचा कागद. जवसाचं तेल लावा, वर मधमाशीचं मेण घासा, लाकडाला श्वास घेऊ द्या. आपले आजे-पणजे काय पीयूचं व्हार्निश मारत होते का? ज्यांना लाकूड कळतं त्यांनीच बोला.

रंधा_पटाशी (सांगली)
घरात तीन पिढ्या रंधा चालतोय म्हणून बोलायची हिंमत करतो. श्वासबिस काही नसतं हो, ते झाड तोडलं तेव्हाच संपलं. लाकूड हवेतली ओल ओढतं आणि सोडतं, त्यापायी रुंदीला फुगतं आणि आवळतं, बास. श्रावणात ड्रॉवर अडकतो आणि मार्चमध्ये खडखडतो तो यामुळेच. तेल ही ये-जा जवळपास अडवतच नाही, व्हार्निश ती हळू करतं (थांबवत तेही नाही). म्हणजे तुमचा 'श्वास' जितका कमी तितकं टेबल सरळ राहणार. आणि काहीही लावा, खालच्या बाजूलाही लावा. वरून चार हात आणि खाली कोरडं ठेवलं की फळी एका अंगाने फुगून वाकते, मग लोक सुतारालाच शिव्या देतात.

आता तेल. जवसाचं तेल हवेने धरतं, म्हणजे वाळून घट्ट होतं, म्हणून ते तरी चालतं. पण हात मारला आणि सोडून दिलं असं नाही. भरपूर लावायचं, १५-२० मिनिटांनी वर राहिलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, अगदी हाताला लागेनासं होईपर्यंत. न पुसलेलं तेल चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. पुढचा हात एरवी एका दिवसाने, साताऱ्याच्या पावसात तीन-चार दिवस धरा. कच्चं तेल असेल तर आठवडा मोजा, दुकानात 'डबल बॉइल्ड' मिळतं ते घ्या. एवढं सगळं करून हळदीची आमटी तासभर राहिली की रंग छिद्रात उतरतोच.

आणि ती फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ही गंमत नाही. जवसाचं तेल धरताना तापतं आणि बोळ्यात ती उष्णता अडकून फडकं आपोआप पेट घेतं. पाण्यात बुडवा नाहीतर बाहेर एकेक पसरून वाळवा.

मिरजवाला
दोघंही चुकताय राव. आमच्याकडे सतारी-तंबोऱ्यांना लाखेच्या चपड्याचं पॉलिश करतात, स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने हातावर हात. काय आरसा येतो! व्हार्निश त्याच्यापुढे पाणी भरतं. टेबलाला पण तेच करा.

रंधा_पटाशी
दादा, तंबोऱ्यावर कोणी कुकर ठेवत नाही. चपडा दिसायला एक नंबर, दुरुस्तीलाही सोपा, मान्य. पण गरम कप ठेवला की पांढरं गोल वर्तुळ उमटतं.

मिरजवाला
कप ठेवताना खाली काही ठेवायची अक्कल माणसाला हवी, पॉलिशला नाही.

माईची_सून (कराड)
एवढा वाद कशाला? टेबलावर काच टाका आणि मोकळे व्हा, खाली तेल लावा नाहीतर तूप. आमच्याकडे सासूबाईंनी व्हार्निशवर फुलाफुलांचं प्लॅस्टिक पसरलंय, आता ते निघतच नाही, निघालं तिथे फुलं लाकडावर छापलीयेत.

साताऱ्याचा_पेन्शनर
सागवानाला वाळवी लागत नाही असं सुतार म्हणतो, तरी आमच्या जुन्या पलंगाला लागली. व्हार्निश केलं होतं. म्हणजे व्हार्निश फसवणूक आहे हे सिद्ध झालं.

रंधा_पटाशी
काका, वाळवीचा या तिन्हीशी संबंध नाही. बहुतेक पलंगात कडेचं पांढरं लाकूड घातलं असणार. सागवानाचा जीव आतल्या तपकिरी गाभ्यात, बाहेरचं पांढरं वाळवी आवडीने खाते.

माई, ते प्लॅस्टिक मऊ ठेवायला त्यात जे घालतात ते हळूहळू व्हार्निशमध्ये उतरतं आणि व्हार्निश मऊ होऊन छपाई धरतं. व्हार्निश नवं असेल तर आणखी लवकर. दिसायला एका दिवसात वाळतं, पण आतून घट्ट व्हायला काही आठवडे जातात, तोवर वर काही पसरू नये.

मातीचीओढ
बघा! प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक, म्हणूनच म्हणत होतो. आणि काच टाकायचीच असेल तर सागवान घेता कशाला, फॉर्मायका लावा ना. महागडं लाकूड घेऊन झाकून ठेवायचं, सोफ्याला कव्हर, रिमोटला पिशवी, पाहुणे आले की काच काढून दाखवता का?

माईची_सून
पाहुणे आले की तुम्ही पुसता का टेबल? आमच्याकडे रोज आठ माणसं जेवतात, दोन पोरं, एकाच्या हातात कायम पेन. दर सहा महिन्यांनी तेल चोळायला तुम्ही येणार का सातारहून? सौंदर्य बघायला वेळ ज्याला असतो त्याच्या घरात झाडू दुसरंच कोणीतरी मारत असतं.

मातीचीओढ
ताई, मी माझं टेबल स्वतः पुसतो. वैयक्तिक जाऊ नका.

मिरजवाला
रिमोटच्या पिशवीला पण चपडा मारा 😂

रंधा_पटाशी
काचेचं एक सांगतो आणि गप्प बसतो. काच सरळ लाकडावर ठेवली की पाणी कडेने आत जातं आणि वाळत नाही, महिन्याभराने खाली काळे डाग दिसतात. खाली पारदर्शक रबरी बटणं लावा म्हणजे हवा खेळते.

मेणाबद्दल कोणी बोलेना म्हणून: एकटं मेण म्हणजे पाहुण्यांपुरती चमक. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, चहाचा कप त्याहून गरम. आणि मेण लावलं की त्यावर व्हार्निश कधी धरत नाही, उद्या विचार बदलला तर टर्पेंटाइनने सगळं धुऊन घासायला लागेल. म्हणून व्हार्निशचं ठरवायचं तर मेणाच्या आधी ठरवा.

मातीचीओढ
मग व्हार्निशची पापुद्र्यासारखी सालपटं निघतात त्याचं काय? माझ्या मित्राच्या टेबलाची दोन वर्षांत निघाली.

रंधा_पटाशी
निघतात, हे खरं. आणि मधेच ठिगळही लावता येत नाही, अख्खी फळी घासावी लागते. तेलाला तो त्रास नाही, डाग पडला तिथे घासा, पुन्हा तेल पुसा. तुमचा तेवढा मुद्दा मी पहिल्यापासून मानतो, तुम्ही विचारलं नाहीत म्हणून बोललो नाही.

पण सालपटं निघायला दोष बहुतेक मारणाऱ्याचा. सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे व्हार्निश धरत नाही किंवा कित्येक दिवस चिकट राहतं. १२०, १८०, २२० नंबरचा पॉलिश पेपर झाला की फडक्याला थिनर घेऊन पुसायचं, थिनर उडालं की लगेच पहिला हात. तो निम्मा टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे आत शिरतो. दुसऱ्या दिवशी ३२० ने हलकं घासून पुढचे दोन-तीन पातळ हात. एकदम जाड मारला तर वर साय धरते आणि आत ओलं राहतं. लाकूड ओलं असलं तर मात्र काहीही करा, निघणारच.

साताऱ्याचा_पेन्शनर
मग आमच्या पलंगाला काय लावायचं?

रंधा_पटाशी
काका, आधी वाळवी.

मातीचीओढ
बरं बाबा, तुम्हीच शहाणे. फळीचा तुकडा उरलाय, अर्ध्यावर तेल, अर्ध्यावर सुताराचं व्हार्निश, वाळू देतो आणि दोन्हींवर रात्रभर आमटी ठेवतो. हरलो तरी इथे सांगणार नाही.

मिरजवाला
तिसऱ्या कोपऱ्यात चपडा पण मार.

माईची_सून
आणि ते प्लॅस्टिक कसं काढायचं, ते कोणी सांगितलंच नाही.