मदत हवी आहे: होणाऱ्या वहिनीने आईला 'आपण' म्हणावं की 'तुम्ही'?

सांजवेळ: भावाचं लग्न पुढच्या महिन्यात नाशिकला आहे. वहिनी भोपाळची, मनापासून मराठी शिकतेय. हिंदीतल्या 'आप'च्या जागी ती 'आपण' म्हणते. काल फोनवर तिने आईला विचारलं, "आपण कधी जेवणार?" आईला वाटलं ती घरी येतेय! शिवाय बाबांना 'बाबाजी' म्हणते. काय सांगू तिला?

गोदाकाठ: घरात 'तुम्ही'च. मानाचा 'आपण' पत्रिकेत किंवा भाषणात शोभतो, घरात त्याचा अर्थ 'तू आणि मी' असाच घेतला जातो. 'जी' काढायला सांगा. 'बाबाजी' म्हटलं की मराठी कानाला साधूबुवा दिसतो. 'अहो बाबा', 'अहो आई' पुरे.

पिंपळपान: एवढंच. 'तुम्ही' पाठ झालं की बाकीचं आपोआप येतं.

गोदाकाठ: समोर बोलताना बरंचसं येतं, पण खरी अडचण आईंबद्दल दुसऱ्याशी बोलताना येते. 'आई आली' नाही, 'आई आल्या'. आणि 'आईंनी चहा केला' यात 'केला' हे चहाप्रमाणे चालतं, त्यामुळे मान फक्त 'आईंनी'मध्ये उरतो. ती 'आईने चहा केला' म्हणाली, तर ऐकणाऱ्याला भोपाळची आई वाटेल. 'आईंना विचारते', 'आईंचा फोन' हेही तसंच.
ही चूक होते कारण ती तुमच्या भावाचं ऐकून शिकते, आणि तो 'अगं आई, तू' नि 'आईने' म्हणतो. मुलाचं बोलणं सुनेला चालत नाही. तुमची आई आजींबद्दल कशी बोलते ते तिला ऐकू द्या.

चाफेकळी: आमची सून मला 'अगं आई' म्हणते, मला तर गोड वाटतं. तुम्ही उगाच अवघड करताय.

गोदाकाठ: तुम्हाला आवडतं म्हणून चालतं. सुरुवात 'अहो'ने करावी. सासू स्वतः 'अगं म्हण' म्हणाली की बदलता येतं. उलट्या दिशेने बदलणं फार जड जातं.

सांजवेळ: हे पटलं. आणि नमस्कार?

पिंपळपान: आधी देवाला, मग आजी, मग आईबाबा, मग काका-काकू. जोडीने बसलेल्यांना एकेकदा वाकायचं. आजी आडव्या झाल्या असतील तर तेव्हा नको, झोपलेल्याला नमस्कार करत नाहीत.

सांजवेळ: आजीला घरात सगळे 'ए आजी, तू' म्हणतात. वहिनी एकटीच 'तुम्ही' म्हणाली तर परकी वाटेल ना?

गोदाकाठ: नातसुनेने 'आजी, तुम्ही'च म्हणावं.

चाफेकळी: मला नाही पटत. आजीलाच विचारा.