गटाचं खातं आणि बँकेचं कर्ज: तुमचे अनुभव लिहा

कळवेकरीण: आमच्या चाळीत बारा जणींचा बचत गट आहे, महिना २०० रुपये. खातं उघडलंय, आता कर्जासाठी जायचंय. ठाणे-नवी मुंबईच्या गटांना बँकेत काय काय विचारलं?

ऐरोलीची सचिव: खातं सहज उघडलं. ठराव, तिघी पदाधिकाऱ्यांची केवायसी आणि तिघींपैकी दोघींच्या सह्या, बस्स. झटापट झाली ती कर्जाला. साहेबांनी पासबुक उघडलं, शिल्लक ६,१००. म्हणाले, "चौपट धरली तरी चोवीस हजारच." मी रोकडवही पुढे सरकवली. आम्हीही बारा जणी. दहा महिन्यांचे २४,००० जमले होते, वर सभासदांकडून आलेलं व्याज १,५००. त्यातले १९,००० अंतर्गत कर्जात फिरत होते, पेटीत ४००, उरलेले खात्यात. म्हणजे गटाचा निधी २५,५००. त्याच्या चौपटीने हिशेब होऊन एक लाख मंजूर झाले. मात्र आधी त्यांनी कर्जवही एकीच्या पासबुकाशी ताडून पाहिली. एका हप्त्यापुढे सही नव्हती. ती होईपर्यंत फाईल टेबलावरच!

दिव्याची ताई: म्हणून तर आम्ही तीन महिने अंतर्गत कर्ज बंदच ठेवलं, पैसा खात्यात दिसला पाहिजे. आणि खातं उघडून सहा महिने व्हावे लागतात.

ऐरोलीची सचिव: सहा महिने बघतात, पण गट किती दिवस चालतोय ते, आणि तेही वह्यांवरून. खात्याची तारीख नाही बघत. कर्जवाटप थांबवलं तर उलट गट झोपलाय असं वाटतं.

दिव्याची ताई: आमचं झालं ना मंजूर!

घणसोली_शिवणकाम: मला मशीनसाठी पन्नास हजार हवेत. गटाच्या कर्जाला मी एकटीने अर्ज केला तर चालेल का?

कळवेकरीण: अगं, हे कर्ज गटाच्या नावावर निघतं. कुणाला किती द्यायचं ते बैठकीत ठरतं. एकटीला हवं तर मुद्राची चौकशी कर.

तुर्भे स्टोअर: आमच्यातल्या एकीचं त्याच बँकेतलं जुनं कर्ज थकलंय. "तिला गटातून काढा, मग या," असं सांगितलंय. बिचारी पहिल्यापासून आहे.

ऐरोलीची सचिव: काढू नका. गट स्वतः थकबाकीदार नसेल तर एकीच्या थकबाकीवरून सहसा अडवायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. फक्त या कर्जातला पैसा तिला द्यायचा नाही. ते ठरावातच लिहून न्या.

मुरबाडची वहिनी: आमचा गट उमेदचा. तरी शाखेने दहा हजारांची एफडी करायला लावली, ती हप्ते फिटेपर्यंत मोडता येणार नाही म्हणे.

ऐरोलीची सचिव: उमेदच्या गटाला दहा लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, बचत खात्यावर बोजाही चढवायचा नाही. शाखेकडून लेखी मागा.

मुरबाडची वहिनी: लेखी मागितलं तर पुढच्या कर्जाला अडवतील, असं अध्यक्षबाई म्हणतात. कुणी मागितलंय का असं लेखी?