मदत हवी आहे: वर्कशॉपमध्ये उभ्याने काम, मॅट कोणती घ्यावी?

भोसरीकर: छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पोरांच्या पोटऱ्या आणि कंबर भरून येतात. दुकानदार रबर, व्हिनाइल आणि फोम अशा तीन मॅट दाखवतोय. फोमची स्वस्त आहे, पायालाही छान मऊ लागते. घेऊ का? उद्या ऑर्डर द्यायचीय, लवकर सांगा.

पॅकिंगवाला: बिनधास्त फोम घ्या. आमच्या पॅकिंग टेबलापाशी तीच आहे, बायका खूश आहेत.

जुना_टर्नर: मशीन कोणती? खाली कुलंट सांडतं का?

भोसरीकर: लेथ आणि ड्रिल. कुलंट सांडणारच की!

जुना_टर्नर: मग हे आधी सांगायचं ना. पॅकिंगची जागा कोरडी असते, तिथे फोम चालतो. लेथपुढे गरम चिप पडली की फोम वितळतो आणि चिप तिथेच रुतून बसते. शिवाय माणूस रोज एकाच जागी टाच टेकतो. तेवढा भाग दबून चपटा होतो, मग खालचा कोबा टाचेला लागतोच. व्हिनाइल कोरड्यात बरं, पण तेलाने हळूहळू कडक होतं, तडकतं. कडा वर उचलल्या की माणूस अडखळतो. रबर घ्या, पण साधं नको, ते तेलात फुगतं. नायट्राइल मागा. दुकानदार सगळ्यालाच नायट्राइल म्हणेल, म्हणून नमुन्याचा तुकडा घ्या, कागदावर त्याची कड पेन्सिलीने आखा आणि दोन दिवस तुमच्याच कटिंग ऑइलमध्ये बुडवून ठेवा. पुसून परत त्याच आखणीवर ठेवा. बाहेर आला किंवा बोटाला चिकट लागला तर परत करा.

विजू_इलेक्ट्रिक: मॅट घेताना आयएस १५६५२ चा शिक्का बघाच.

जुना_टर्नर: अहो, ती पॅनेलपुढची शॉक न लागण्याची मॅट. पाय दुखण्याशी तिचा काय संबंध?

शिरोली_एमआयडीसी: आमच्याकडे लाकडी जाळीच असते. चिप्स फटींतून खाली जातात, तेलाने काही होत नाही. मॅटचे चोचले कशाला?

जुना_टर्नर: पाय कोरडा राहतो हे खरं. पण लाकूड दबत नाही, त्यामुळे पोटरीला आराम नाही.

पॅकिंगवाला: म्हणजे जितकं मऊ तितकं चांगलं, हेच ना मी म्हणत होतो?

जुना_टर्नर: नाही हो. फार मऊ असलं की तोल सावरण्यातच पाय दमतात. टाच जराशी रुतावी आणि उचलली की मॅट लगेच वर यावी. साधारण अर्धा-पाऊण इंच जाडी, कडा उतरत्या.

भोसरीकर: भोकांची घेऊ की सपाट? आणि ड्रिलवाला सारखा फिरत असतो.

जुना_टर्नर: फिरणाऱ्याला मॅटपेक्षा बुटात जाड इनसोल द्या. कुलंट साचत असेल तर भोकांची, पण रोज उचलून खालचा बुरा काढावा लागतो.

शिरोली_एमआयडीसी: रोज कोण उचलतंय! म्हणून म्हणतो, लाकडी जाळी.

भोसरीकर: ऑर्डर थांबवतो. आधी तुकडा मागवतो.