मदत हवी आहे: गरम पाण्याच्या तक्रारीला लिहिलेलं उत्तर वाचून सांगाल का?

तारकर्लीत आमचं आठ खोल्यांचं हॉटेल आहे. गेल्या आठवड्यात एका कुटुंबाने तीन स्टार दिले. जेवणाचं कौतुक केलंय, पण वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत सकाळी गरम पाणी आलं नाही, लहान मुलीला गार पाण्याने अंघोळ घातली, असं लिहिलंय. वाचून फार वाईट वाटलं.

मी पहाटे त्या खोलीत नळाखाली बादली लावून बघितली. अख्खी बादली भरली तेव्हा कुठे कोमट पाणी आलं. सोलरची टाकी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी गार होतं. आता तिथे १५ लिटरचा गिझर बसवलाय.

उत्तर असं लिहिलंय:

"तुमची तक्रार बरोबर आहे. मुलीला गार पाण्याने अंघोळ घालावी लागली याबद्दल मनापासून माफी मागतो. त्या खोलीपर्यंत सोलरचं गरम पाणी पोहोचायला फार वेळ लागतो, हे आम्ही आधीच तपासायला हवं होतं. आता तिथे वेगळा गिझर बसवला आहे. शेजारच्या खोलीत महिनाअखेर बसेल, तोवर ती कुणाला देणार नाही."

भाऊ म्हणतो, 'त्या दिवशी ढगाळ होतं' हेही लिही. मला ती सबब वाटते. आभाळ भरलं तरी पाहुण्याला गरम पाणी द्यायला हवंच.

शेजारच्या खोलीचं राहिलेलं काम उघड सांगावं का? आणि पैसे परत द्यायचं तिथेच लिहू, की फोनवर बोलू?