ड्रायआउट म्हणजे ‘नळी कोरडी पडणे’ का?

तळटीप:
बॉयलरवरची एक प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करतेय. त्यात उभी तापवलेली नळी आहे, खालून पाणी शिरतं, वरून वाफ निघते. ‘ड्रायआउट’साठी मी ‘नळी कोरडी पडणे’ लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून ‘पाणी पूर्ण संपणे’ केलं. पण शेजारच्याच आकृतीत नळीच्या भिंतीचं तापमान ४ मीटरवर उडी मारतंय आणि पाणी संपल्याची रेघ आहे साडेपाच मीटरवर. मग मधल्या दीड मीटरमध्ये काय आहे? आणि त्याला मराठीत काय म्हणायचं?

शुद्धमती:
‘शुष्कन’. प्रश्न मिटला. शब्द असताना इंग्रजीच्या दारात कशाला उभं राहायचं?

वाफाळ:
मिटला नाही हो. ‘शुष्कता’ हा शब्द वाफेत पाणी किती आणि वाफ किती या हिशेबासाठी कधीच अडकलाय. डिप्लोमाच्या पोरांनी ‘शुष्कन’ वाचलं की ती शुष्कता शंभर टक्के झाली असंच समजणार. सरांची गफलत नेमकी तीच आहे.

तळटीप, आकृतीखाली आकडे असतील तर टाका.

तळटीप:
आहेत. नळीचा आतला व्यास १० मिमी, दाब ७० बार. पाणी २३६ अंशांना शिरतं, सेकंदाला ७८ ग्रॅम. उष्णता दर चौरस मीटरला ८०० किलोवॅट, तळापासून टोकापर्यंत एकसारखी.

वाफाळ:
झकास, मग हिशेबच करू. या व्यासाला एक मीटर नळीतून साधारण २५ किलोवॅट आत जातात. ७० बारला पाणी २८६ अंशांना उकळतं, तिथवर यायला त्याला सुमारे २० किलोवॅट लागतात, म्हणजे पहिला पाऊण-एक मीटर. पुढे सगळ्या पाण्याची वाफ करायला ११८ किलोवॅट, म्हणजे आणखी ४.७ मीटर. बेरीज साडेपाच. तुमची रेघ बरोबर आहे.

आता ४ मीटरवर थांबा. उकळायला लागल्यापासून तिथवर ८० किलोवॅट गेलेत. ११८ पैकी ८०, म्हणजे वजनाने दोन तृतीयांश वाफ झाली. एक तृतीयांश पाणी अजून नळीतच आहे, सेकंदाला २५ ग्रॅम. तरी भिंत तापली. कारण पाणी आहे, पण भिंतीला लागून नाही.

पोटभाडेकरू:
हे सोपं आहे. उष्णता फार झाली की भिंतीलगत वाफेची चादर तयार होते, पाणी मध्ये ढकललं जातं. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की थेंब चिकटत नाही, नाचत पळतो, तेच हे.

वाफाळ:
तवा बरोबर, पण पान चुकीचं उघडलंत. वाफेच्या चादरीची गोष्ट खालच्या भागातली, जिथे वाफ जेमतेम असते आणि उष्णता प्रचंड. दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्टीत तिची धास्ती असते. तिथे मधोमध सलग पाणी आणि कडेला वाफ असते.

इथे उलटं आहे, मधोमध वाफ आणि कडेला पाणी. खालून वर नळीत डोकावत चला. पहिल्या मीटरमध्ये पाणी अजून २८६ला पोचलेलं नसतं, तरी भिंतीवर बुडबुडे धरायला लागतात. मग ते वाढून एकमेकांत मिसळतात, नळीभर रुंद, डोक्याकडे गोल असे लांबट फुगे होतात, त्यांच्या मध्ये पाण्याचे तुकडे. पुढे ते फुगेही फुटतात आणि सगळी घुसळण होते. वाफ वजनाने फक्त दहा टक्के झाली की तिने नळीची दोन तृतीयांश जागा खाल्लेली असते, त्यामुळे हे सगळं फार लवकर उरकतं. उरलेला मोठा पट्टा म्हणजे मधून सुसाट वाफ आणि भिंतीवर वर सरकणारा पाण्याचा पातळ थर.

या थराचा जमाखर्च बघा. तापल्याने तो वाफ होऊन घटतो. वरून वाफेचा वारा त्याच्या लाटांचे शेंडे उडवून थेंब करतो, तेही घटच. जमेच्या बाजूला एकच गोष्ट, उडालेल्या थेंबांपैकी काही परत येऊन भिंतीवर बसतात. जमा खर्चाला पुरेनाशी झाली की थर शून्यावर येतो, तेच ड्रायआउट. ते २५ ग्रॅम पाणी मधल्या वाफेत थेंब होऊन तरंगतंय.

शुद्धमती:
म्हणजे ‘थरलोप’. किंवा ‘आर्द्रपटलक्षय’.

पोटभाडेकरू:
आर्द्रपटलक्षय 😂 डोळ्याच्या डॉक्टरकडे जावं लागेल.

शुद्धमती:
हसा. ‘नगरपालिका’लाही लोक आधी हसलेच असतील. वापराने शब्द रुळतो, वापरलाच नाही तर कसा रुळणार?

तळटीप:
वाफाळ, पण उडी का? थर हळूहळू पातळ होत गेला तर तापमानही हळूहळू चढायला हवं ना? आकृतीत उडीच्या आधी रेघ चक्क किंचित खाली आलीय. मला वाटलं छपाईची चूक.

वाफाळ:
छपाई बरोबर आहे. थर पातळ होतो तसं त्याच्या आरपार उष्णता जाणं सोपं होतं, त्यामुळे भिंत जराशी थंडच होते. इथे ती वाफेपेक्षा जेमतेम दहाएक अंश वर, म्हणजे २९५च्या आसपास असेल. धोका जवळ आल्याची खूण तापमानात दिसतच नाही, उलट सगळं सुधारतंय असं वाटतं.

थर तुटला की भिंतीला स्पर्श उरतो तो वाफेचा. पाण्याचा थर दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला ८० किलोवॅटच्या घरात उचलत होता, वाफ उचलते चारच्या आसपास. बाहेरची उष्णता मात्र तेवढीच येतेय, ८०० किलोवॅट. तेवढी बाहेर काढायला आधी १० अंशांचा फरक पुरत होता, आता २०० लागतो. भिंत २९५वरून ४८०-४९०ला जाते, आणि तेही काही सेंटिमीटरच्या अंतरात. आकडे ढोबळ आहेत, पण उडी याच मापाची.

थेंब मध्ये आहेत ना, मग ते का वाचवत नाहीत? इथे पोटभाडेकरूंचा तवा चालतो. भिंत एवढी तापली की येणारा थेंब तिला ओलं करूच शकत नाही. त्यामुळे एकदा कोरडी झालेली जागा सहजी परत ओली होत नाही.

पोटभाडेकरू:
म्हणजे मी अर्धा बरोबर. नोंद घ्यावी. आणि साडेपाच मीटरला पाणी खरंच संपतं का?

वाफाळ:
कागदावर. प्रत्यक्षात ड्रायआउटनंतर वाफ २८६च्या वर तापत जाते आणि थेंब त्याच तापलेल्या वाफेत तरंगत राहतात. उष्णता वाफेला गरम करण्यात जाते, थेंबांपर्यंत सावकाश पोचते. म्हणून साडेपाचच्या पुढेही थोडे थेंब सापडतात. ‘पाणी पूर्ण संपणे’ ४ मीटरला लिहिणं चूक, आणि साडेपाचला लिहिणंही तसं धाडसाचंच. उडीनंतर काही वेळा भिंत थोडी उतरते, कारण थेंबांची वाफ होत जाते तसा वाफेचा वेग वाढतो. थेंब संपले की पुन्हा चढ.

नानाकाका:
मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. एका सीझनला पाण्याची लेव्हल गेली, काच रिकामी, आणि ट्यूब फुटली. आम्ही त्यालाच ‘ट्यूब सुकली’ म्हणायचो. एवढं थर-बिर कुणी बोलायचं नाही. ‘सुकणे’ का चालत नाही?

वाफाळ:
काका, तुमच्याकडे पाणीच कमी पडलं. ड्रमच्या बॉयलरमध्ये एरवी पाणी नळ्यांतून फिरत राहतं आणि एका फेरीत थोडंच वाफ होतं, थर टिकतो. ड्रायआउटला पाणी कमी पडावं लागत नाही, पंप नीट चालू असतानाही ते होतं. फाटलेली ट्यूब पाहिली होती का? कडा कशा होत्या?

नानाकाका:
पाहिली म्हणजे, हातात घेतली. फिश माउथ. कडा सुरीसारख्या पातळ. दुसऱ्या एका सीझनला फुटली होती तिच्या कडा जाड होत्या, आणि आत स्केल, नखाने निघेना.

वाफाळ:
दोन्ही वेगळ्या गोष्टी. पातळ कड म्हणजे थोड्या वेळात फार तापली, धातू मऊ होऊन ताणला गेला आणि फाटला. जाड कड म्हणजे स्केलमुळे महिनोन्महिने थोडी-थोडी जास्त तापत राहिली. दोन्हीला ‘सुकली’ म्हटलं तर कारण शोधणाऱ्याची पंचाईत.

शुद्धमती:
अहो, पण काकांचा शब्द जिवंत आहे. मी शुद्धतेची बाजू घेते म्हणून बोलीच्या विरोधात आहे असं नाही. ‘सुकणे’ला ‘भिंत’ जोडा. नळी नाही, ‘भिंत सुकणे’.

वाफाळ:
मॅडम, हे मात्र पटलं. पूर्वी याच्यासाठी ‘बर्नआउट’ही सर्रास वापरायचे, तो तर आणखी घोटाळ्याचा. भिंत सुकली म्हणून नळी जळतेच असं नाही. कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीत वाफ उभ्या लांब नळ्यांत होते, बाहेरून गरम सोडियम वाहतं. तिथे पाण्याची एका फेरीत पूर्ण वाफ करायची असते, म्हणजे भिंत कुठेतरी सुकणारच. पण धातू सोडियमपेक्षा जास्त तापू शकत नाही, भिंत तापली की आत येणारी उष्णताच घटते. तिथली चिंता वेगळी, सुकण्याची जागा वरखाली हलत राहिली तर धातू सारखा गरम-गार होऊन थकतो. याउलट तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्यांत, म्हणजे १९६९च्या, पाणी इंधनाच्या सळ्यांना बाहेरून लागून उकळतं. तिथे उष्णता आतून येतच राहते, म्हणून तिथे ड्रायआउट होऊच द्यायचं नसतं, बरंच अंतर राखून चालवतात.

पोटभाडेकरू:
कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या युनिटांत दाब इतका की उकळणंच नाही म्हणतात. मग तिथे हा शब्दच नको.

वाफाळ:
पूर्ण लोडला नको. लोड उतरवला की दाब २२१ बारच्या खाली येतो आणि सगळी पात्रं परत रंगमंचावर. अशा बॉयलरच्या भट्टीतल्या नळ्यांना आतून बंदुकीच्या नळीसारखे आटे पाडतात ते त्यासाठीच. प्रवाह गरगरतो, थेंब भिंतीवर फेकले जातात, थराची जमा वाढते.

तळटीप:
‘भिंत सुकणे’ लिहून सरांना पाठवलं. त्यांचं उत्तर, ‘भिंत म्हटलं की वाचकाला घराची भिंत आठवते. पृष्ठ लिहा.’ आणि लांबट फुग्यांमधल्या पाण्याच्या तुकड्याला पुस्तिकेत ‘स्लग’ आहे, त्याचं त्यांनी ‘गोगलगाय’ केलंय.

शुद्धमती:
पृष्ठ म्हणजे पाठ. ‘पाठ सुकणे’? आणि गोगलगाय शंखवाली, स्लगला शंख नसतो. भाषांतर म्हणूनही चूकच.

नानाकाका:
आमच्याकडे पाइपातून पाणी आणि वाफ आळीपाळीने धडधडत यायची तिला ‘ठोके’ म्हणायचे. ठोके प्रवाह लिहा.

पोटभाडेकरू:
काका, तो वॉटर हॅमर. वेगळा धागा काढा.

नानाकाका:
वेगळा कसा? पाइप तोच होता.