खुब्याचं हाड आणि विडी

“हाड मोडून ऑपरेशनही झालं, आता वडिलांची विडी सोडवून काय मिळणार?”

खरं तर आताच मिळणार आहे. हाड जुळायला तीन-चार महिने लागतात आणि विडीचा त्रास नेमका त्याच काळात होतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. खुब्याच्या मानेला, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागाला, रक्त मुळातच जेमतेम पोचतं, त्यात ही भर. कार्बन मोनॉक्साइड मात्र विडी थांबवल्यावर एक-दोन दिवसांतच बराचसा निघून जातो, म्हणून उशिरा सोडली तरी फायदा आहेच.

आमचे काका सोलापुरातल्या मिलमधून रिटायर झालेले, घरात विड्या वळणाऱ्या काकू, त्यामुळे विडीला तोटा नाही! न्हाणीत घसरले, खुब्याची मान मोडली पण हाड सरकलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी तीन स्क्रू बसवले. तीन महिन्यांनंतरही पाय टेकला की जांघेत कळ यायची. सगळे म्हणाले, वयाचं आहे. एक्सरेत मोडीची रेघ तशीच दिसत होती आणि एक स्क्रू मागे सरकला होता. शेवटी स्क्रू काढून सांधाच बदलावा लागला. सगळा दोष विडीचाच, असं नाही. वय आणि ठिसूळ हाड होतंच.

तुमच्या वडिलांना मांडीत किंवा जांघेत अशी कळ येत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता एक्सरे काढा. आणि विडीऐवजी तंबाखू मळू देऊ नका, निकोटिन तिच्यातही आहेच.