कमी बोलीला नकार कळवताना

‘स्कूटरचे 42,000 सांगितले, तर एक जण 25,000 म्हणतो. बोलणी न तोडता नकार कसा कळवावा?’

नुसते ‘परवडत नाही’ न लिहिता कारण द्यावे: ‘नमस्कार. 25,000 रुपयांना गाडी देणे मला शक्य नाही. मागचा टायर व बॅटरी नवीन असून विम्याची मुदत मार्चपर्यंत आहे. आपण गाडी प्रत्यक्ष पाहून, चालवून 40,000च्या आसपासचा आकडा कळवल्यास मी अवश्य विचार करेन.’ आपली शेवटची किंमत मात्र गाडी दाखवण्याआधी मुळीच सांगू नये, कारण मग घासाघीस तिथूनच खाली सुरू होते. पुढे हजारभर रुपयांवर अडलेच, तर किंमत उतरवण्याऐवजी आरसी नावावर करण्याचा खर्च उचलण्याची तयारी दाखवावी; मालकी बदलण्यासाठीच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या मात्र पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच कराव्यात.